टब घ्यायच्या आधी काय काय मोजायचं (सुदामा नगरच्या बाथरूमची तयारी)

दादा-वहिनींनी वरच्या मजल्यावरचं बाथरूम नवीन करायला घेतलंय आणि वहिनीला मधोमध ठेवलेला तो अंड्यासारखा मोकळा टबच हवाय, दादा म्हणतो भिंतीत बसवलेला घेऊ, आणि मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं कारण मागच्या वर्षी आमच्याकडे मी ही सगळी डोकेफोड केलीय. म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय. हे फोडफाड सुरू व्हायच्या आधी करायचं, टाइल्स लागल्यावर नाही.

पहिलं काम म्हणजे टेप घेऊन खोली मोजा, पण कच्च्या भिंतीचं माप खरं धरू नका. दादाचं हे बाथरूम 9 फूट बाय 6 फूट, म्हणजे 6 फुटाची बाजू 72 इंच, पण दोन्हीकडे प्लास्टर, मसाला आणि टाइल लागली की हातात उरतात 70 इंच. आता साधारण मोठा टब 1700 बाय 750 मिलिमीटर, म्हणजे 67 इंच लांब आणि 30 इंच रुंद. मोकळा टब 6 फुटाच्या भिंतीशी आडवा ठेवला तर दोन्ही टोकांना दीड-दीड इंच उरतो, तिथे ना हात जातो ना पोछा, आणि बोअरचं पाणी असलं की वाळलेल्या शिंतोड्यांचा पांढरा थर तिथेच साचत जातो. मोकळ्या टबाच्या चारी बाजूंनी निदान 6 इंच तरी हवेच, पोछा धरलेला हात आत जाईल एवढे, नाहीतर तो मोकळा कसला.

मग लांबीच्या भिंतीला लावून पाहिला. मागे 6 इंच, टब 30 इंच, झाले 36. उरले 34 इंच, त्यात समोरच्या भिंतीचा कमोड 27 इंच पुढे येतो, म्हणजे कमोड आणि टबाच्या मध्ये 7 इंच. टबात चढायच्या बाजूला मी 30 इंच मोकळे धरते, अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडमध्ये कमीत कमी 21 इंच सांगितलेत, आणि आई टॉवेल घेऊन उभी राहणार हे डोळ्यासमोर आणलं तर 21 पण कमीच वाटतात. वहिनीला हे आकड्यांत पटेना, म्हणून गच्चीवर खडूने खोली आखली, कमोडच्या जागी स्टूल ठेवलं, टबाच्या मापाचा पुठ्ठा टाकला आणि तिला म्हटलं आता चालून दाखव. ती आडवी होऊन सरकली आणि स्वतःच हसायला लागली. भिंतीत बसवायचा टब मात्र 6 फुटाच्या बाजूला तीन भिंतींच्या मध्ये नीट बसतो, एकीकडे उरलेल्या 3 इंचांची साबण-शॅम्पूची पट्टी होते, आणि समोर भरपूर जागा राहते. शिवाय त्याचा काठ टाइल लावून रुंद करता येतो, आई आधी काठावर बसून मग पाय आत घेऊ शकते, मोकळ्या टबाचा काठ पातळ असतो, त्यावर बसवत नाही.

आता नळ, इथे खरी गंमत आहे. मोकळ्या टबाचा नळ जमिनीतून उभा येतो, म्हणजे गरम-गार दोन्ही पाइप फरशीच्या खालून, वॉटरप्रूफिंगच्या आधी, नेमक्या जागी काढून ठेवावे लागतात, आणि नंतर टब चार इंच सरकवायचा म्हटलं तर फरशी फोडा. खाली काँक्रीटमध्ये पक्का कसला नसेल तर तो उभा नळ हळूहळू डुलायला लागतो, आणि डुलला की सांध्यातून झिरपायला लागतो. भिंतीतल्या टबाला हे दुखणं नाही, नळ भिंतीत. पण तो डोकं टेकायच्या बाजूला नको, आणि चालू-बंद करायची मूठ अशा जागी हवी की बाहेर उभं राहून हात पुरेल, उकळत्या पाण्यावरून वाकावं लागू नये.

उंचीचा घोळ आमच्याकडे झालाच होता. टबाचा काठ तयार फरशीपासून 21 इंच, मी सांगितलं नळाचं तोंड 25 इंचांवर ठेवा, म्हणजे काठाच्या 4 इंच वर. प्लंबरने 25 मोजले, पण कच्च्या स्लॅबपासून! वर मसाला आणि टाइल मिळून 3 इंच चढले असते आणि नळ काठाच्या फक्त एक इंच वर आला असता. हे नुसतं दिसण्यापुरतं नाहीये, नळाचं तोंड टबाच्या पाण्यात बुडलं आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला तर साबणाचं पाणी पाइपात मागे ओढलं जाऊ शकतं. हँडशॉवर टबात लोंबत ठेवला तरी तेच, म्हणून त्याला एकतर्फी वॉल्व्ह लावून घ्यायचा. आता मी भिंतीवर तयार फरशीची रेघ मारून देते आणि सांगते, भिया, इथूनच मोजायचं.

पुढचं काम बादलीचं. 15 लिटरची बादली घ्या, गरम-गार दोन्ही नळ पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. दादाकडे 1 मिनिट 40 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 9 लिटर. भिंतीतल्या त्या टबात ओव्हरफ्लोपर्यंत 180 लिटर मावतात, माणूस बसल्यावर साधारण 60 लिटरची जागा अंगच घेतं, म्हणजे भरायचे 120, तेरा-चौदा मिनिटं. वहिनीच्या आवडीचा टब 240 लिटरचा, त्यात 180 भरायचे, वीस मिनिटं. आणि त्या उभ्या नळाच्या डब्यावर कमीत कमी 1 बार दाब लिहिलेला, दादाची गच्चीवरची टाकी नळापेक्षा जेमतेम 11 फूट वर, म्हणजे 0.3 बारच्या आसपास, पंपाशिवाय त्या नळाची नुसती धारच लागणार. पंप लावायचा तर तो टाकीनंतरच्या लाइनवर, महापालिकेकडून येणाऱ्या नर्मदेच्या लाइनवर थेट नाही.

पण वेळ जास्त खातो गीझर. थंडीत टाकीचं पाणी 18 डिग्री असेल आणि गीझर 60 वर, तर 40 डिग्रीच्या पाण्यात निम्म्याहून थोडं जास्त गरम लागतं, 120 ला 63 लिटर. दादाचा गीझर 25 चा. तो एकदा रिकामा झाला की 2 किलोवॉटच्या कॉइलला परत तापायला 35-40 मिनिटं, तोवर टबातलं गार झालेलं. म्हणून भिंतीतल्या टबालासुद्धा 70-80 लिटरचा गीझर यादीत आधीच लिहा, त्याची जागा आणि वायरिंग प्लास्टरच्या आधी ठरते. मोकळ्या टबाला 94 लिटर गरम लागेल, तो गीझर लटकवायला भिंत पण तशी मजबूत पाहिजे.

शेवटी भिंतीतल्या टबाच्या नळाकडच्या बाजूला 1 बाय 1 फुटाचं निघणारं झाकण ठेवाच, मिस्त्री म्हणेल दिसायला वाईट दिसतं, ऐकू नका, ट्रॅप तिथूनच उघडतो. झाकण लावायच्या आधी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरा, एकदम सोडा आणि टॉर्च मारून खाली बघा, सांध्याखाली कोरडा कागद ठेवला तर एक थेंबही कळतो. आणि काठाला सिलिकॉन टब पाण्याने भरलेला असतानाच लावायचा, कारण वजनाने टब किंचित खाली बसतो, रिकाम्या टबाला लावलेला सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला सुटतो.