आजारी माणसासाठी आसट खिचडी कशी शिजवावी

रोजची खिचडी करताना आपण आधी फोडणी करतो, त्यात धुतलेले डाळ-तांदूळ परततो आणि मग आधणाचे पाणी घालतो. परतल्यामुळे दाण्यांना तेला-तुपाचे आवरण बसते, ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि खिचडी मोकळी होते. आजारी माणसाला मात्र मोकळा दाणा नको असतो. त्याला फारसे चावावे न लागता घशाखाली उतरेल असा गुरगुट्या पदार्थ हवा असतो, आणि म्हणून येथे क्रम उलटा करावा लागतो. आधी डाळ-तांदूळ नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवायचे आणि मसाल्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. एवढा बदल केला तरी निम्मे काम होते.

उदाहरणासाठी आपण एक प्रौढ व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवू. तिचा ताप उतरला आहे, दोन दिवस पोटात फारसे काही गेलेले नाही, तोंडाला चव नाही, पण पाणी आणि पेज पोटात टिकते आहे. अशा व्यक्तीच्या दोन वेळच्या खाण्यासाठी अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ आणि साडेचार वाट्या पाणी पुरते. वाटी साधारण 150 मिलिलिटरची धरली आहे. वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, मात्र धान्य आणि पाणी दोन्ही एकाच वाटीने मोजावे, कारण महत्त्वाचे आहे ते धान्याच्या सहापट पाणी हे प्रमाण.

डाळ मुगाचीच आणि सालाशिवायची, म्हणजे पिवळी घ्यावी. तूर आणि हरभऱ्याची डाळ शिजायला अधिक वेळ घेते आणि अनेकांना जड पडते. सालीची मूगडाळ एरवी चांगली असली, तरी पोट नाजूक असताना तिच्या सालीचा चोथा टाळलेला बरा. तांदूळ आखूड दाण्याचा, शिजल्यावर चिकट होणारा असावा. आंबेमोहोर उत्तम, साधा कोलमही चालतो आणि कणी असेल तर ती लवकर शिजते. लांब दाण्याचा बासमती सुटा राहण्यासाठीच नावाजलेला आहे, त्यामुळे घरात दुसरा तांदूळ असेल तर बासमती येथे वापरू नये. डाळ फार जुनी नसावी. वर्षभर डब्यात पडून राहिलेली डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी पुरती मऊ होत नाही.

डाळ-तांदूळ एकत्र करून दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावेत आणि अर्धा तास भिजत घालावेत. भिजवल्याने पाणी दाण्याच्या आतपर्यंत पोहोचते आणि बाहेरून गाळ, आतून कच्चा असा प्रकार होत नाही. भिजवलेले पाणी काढून टाकावे आणि मोजलेले साडेचार वाट्या पाणी नव्याने घालावे. काही जण वासासाठी डाळ आधी भाजून घेतात, पण भाजलेली डाळ शिजायला अधिक वेळ घेते आणि तिचा खमंग वास मळमळणाऱ्या माणसाला नकोसा वाटू शकतो, म्हणून या खिचडीत ती पायरी गाळावी.

याच वेळी चिमूटभर हळद आणि चहाच्या चमच्याने पाव चमचा मीठ घालावे. टोमॅटो, लिंबू, चिंच किंवा कोकम यांपैकी काहीही आता घालू नये. आंबट पाण्यात डाळ नीट शिजत नाही. पाणी फार जड असेल तरीही हाच त्रास होतो, तेव्हा पिण्यासाठी आरओ यंत्राचे पाणी घरात असेल तर तेच वापरावे.

शिजवण्यासाठी कुकरमध्ये पातेले ठेवून शिजवणे मला थेट कुकरमध्ये शिजवण्यापेक्षा अधिक पसंत आहे, कारण इतकी आसट खिचडी थेट तळाला लागण्याची भीती असते आणि करपट वास एकदा आला की तो जात नाही. पातेले निदान दीड लिटरचे घ्यावे. धान्य आणि पाणी मिळून जेमतेम निम्मे भरले पाहिजे, कारण डाळ फेसाळते आणि भरलेल्या पातेल्यातून ते पाणी उतू जाऊन शिट्टीच्या तोंडाशी अडकू शकते. पाण्यावर तुपाचे दोन-तीन थेंब सोडले की फेस कमी येतो. कुकरच्या तळाशी पाणी घालून, पातेल्यावर झाकणी ठेवून कुकर लावावा. पहिली शिट्टी मध्यम आचेवर होऊ द्यावी, मग आच मंद करून पंधरा मिनिटे ठेवावी आणि गॅस बंद करावा. वाफ आपोआप जिरू द्यावी. या वेळात खिचडी आतल्या आत मुरते आणि मऊपणाचा शेवटचा टप्पा येथेच गाठला जातो. घाईने शिट्टी उचलली तर पिठूळ पाणी बाहेर उसळते आणि हात भाजण्याचाही धोका असतो.

कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण अर्धवट ठेवून, मंद आचेवर पाऊण तासाच्या आसपास शिजवावे. अधूनमधून तळापासून ढवळावे आणि पाणी आटले तर उकळते पाणीच घालावे. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजणे लांबते.

झाकण उघडल्यावर वर पिवळसर पाणी आणि खाली दाणे असे दिसले तर घाबरू नये. रवीने किंवा पळीच्या पाठीने एक-दोन मिनिटे घोटले की दोन्ही एकजीव होतात. मिक्सर शक्यतो वापरू नये, कारण त्यात भाताचा स्टार्च अति मोकळा होऊन खिचडी बुळबुळीत, खळीसारखी बनते आणि ती तोंडात चिकटते. घोटण्याआधी एक परीक्षा करावी. तांदळाचा एक दाणा आणि डाळीचा एक दाणा बोटांवर घेऊन अंगठ्याने दाबावा. जोर न लावता दोन्हींचे पूर्ण पीठ झाले पाहिजे. मध्ये पांढरा, टणक ठिपका लागला तर दाण्यात कणी राहिली आहे. अशा वेळी घोटत बसण्यात अर्थ नाही, कारण घोटून दाणा बारीक होतो, शिजत नाही. अर्धी वाटी उकळते पाणी घालून आणखी दहा मिनिटे शिजवावे.

आता सैलपणा. येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण खिचडी कुकरमधून काढताना जशी दिसते तशी ती ताटात राहत नाही. निवताना भाताचा स्टार्च घट्ट होत जातो, आणि आजारी माणूस सावकाश, मध्ये थांबत खातो. वाढताना मऊ वाटलेल्या खिचडीचा वीस मिनिटांत गोळा होतो आणि शेवटचे चार घास तसेच राहतात. म्हणून आचेवरून उतरवताना ती आपल्याला योग्य वाटते त्याहून एक पायरी सैल ठेवावी. पळी तिरकी केल्यावर ती धार न तुटता वाहिली पाहिजे आणि ताटलीत ओतल्यावर आपोआप पसरली पाहिजे. तिचा डोंगर राहत असेल तर पळीभर उकळते पाणी घालून एक उकळी आणावी. याउलट पाणी कडेने वेगळे सुटत असेल तर झाकण काढून दोन-तीन मिनिटे ढवळत आटवावे.

फोडणीसाठी एक लहान चमचा तूप छोट्या कढल्यात तापवावे, त्यात पाव चमचा जिरे घालावे आणि ते तडतडून किंचित रंग बदलताच आच बंद करून चिमूटभर हिंग घालावा. जिरे काळे पडले तर फोडणी फेकून नवी करावी, कारण तो कडूपणा सौम्य खिचडीत लपत नाही. पोट जुलाबाने बिघडलेले असेल तर पहिल्या दिवशी फोडणी न करता जिऱ्याची पूड नुसती भुरभुरावी आणि तूप अर्धा चमचाच ठेवावे. बाजारातल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी पाकिटावरची यादी वाचावी किंवा हिंग गाळावा. किसलेल्या आल्याचा रस अर्धा चमचा घातला तर मळमळ असणाऱ्याला बरा वाटतो. मिरची, मोहरी, लसूण, गरम मसाला यांना येथे काम नाही.

चव पाहताना लक्षात ठेवावे की तापातून उठलेल्या माणसाची जीभ बधिर असते. त्याला अळणी वाटते म्हणून मीठ वाढवत गेलो तर त्याच्या पोटात गरजेपेक्षा अधिक मीठ जाते आणि चव तरी येतेच असे नाही. त्यापेक्षा वाढल्यावर लिंबाचे तीन-चार थेंब वरून पिळावेत, मात्र तोंड आलेले असेल किंवा छातीत जळजळ होत असेल तर तेही नको.

भाजी घालायची असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सोलून किसलेला दुधी किंवा गाजर दोन-तीन चमचे डाळ-तांदळाबरोबरच शिजायला टाकावे. दुधीचा लहानसा कच्चा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागला तर तो थुंकून संपूर्ण दुधी टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो आणि शिजवल्याने त्याचा दोष जात नाही.

काही आजारांत ही कृती जशीच्या तशी चालत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मिठाचे आणि डाळीचे प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील तेवढेच ठेवावे. मधुमेह असेल तर असा मऊ भात रक्तातील साखर लवकर वाढवतो, म्हणून वाटी लहान ठेवून मधले अंतर कमी करावे. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला दाणे आणि पाणी वेगळे झालेली खिचडी मुळीच देऊ नये, तिचा एकजीवपणा किती असावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, तर खिचडीचा प्रयोग न करता आधी डॉक्टरांकडे जावे.

पहिल्या वेळी अर्धी वाटीच, कोमट, चमच्याने द्यावी आणि तासाभराने आणखी मागितली तर पुन्हा वाढावी. दुसऱ्या वेळचा वाटा कुकरमध्ये तसाच ठेवू नये. शिजलेल्या भातात कोमट अवस्थेत जंतू वाढतात आणि त्यातील काहींचे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून वाढून झाल्यावर उरलेली खिचडी पसरट भांड्यात काढून लवकर निववावी आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी. संध्याकाळपर्यंत तिचा घट्ट गोळा झालेला असतो. तो सुरीने मोडून, पाऊण वाटी उकळते पाणी घालून, मंद आचेवर वाफा येईपर्यंत ढवळत गरम करावा आणि तूप-जिऱ्याची फोडणी तेव्हा ताजी घालावी. त्यानंतरही उरली तर रुग्णासाठी पुन्हा ठेवू नये.