आठ फुटी खिडकीवरचा लिंटेल: आधी त्रिकोण मापा, मग सळई ठरवा

नाशिकमध्ये हल्ली घर बांधताना हॉलला आठ फुटी सरकती खिडकी हमखास मागितली जाते. चार फुटी खिडकीवर टाकतात तोच सहा इंची, खाली दोन सळयांचा लिंटेल मग तिच्यावरही सवयीने पडतो. स्लॅब कॉलम-बीमवर असेल तर स्लॅबचा भार बीम घेतो आणि लिंटेलवर फक्त मधली भिंत येते. पण स्लॅब थेट विटांच्या भिंतीवर टेकणार असेल, तर हिशेब केल्याशिवाय सळई कापू नका.

खिडकीवरचं सगळं विटकाम लिंटेलवर बसत नाही. सांधेमोड करून रचलेल्या विटा कमानीसारखा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे वळवतात आणि लिंटेलवर उरतो तो मधला त्रिकोण, ६० अंशांचा. मात्र त्यासाठी वर पुरेशी अखंड भिंत लागते. व्यवहारात त्रिकोणाच्या उंचीच्या सव्वापट धरतात. शिवाय कमान बाजूला रेटा देते, म्हणून खिडकीच्या दोन्ही अंगांना किमान निम्म्या गाळ्याइतकी सलग भिंत हवी. खिडकी कोपऱ्याला चिकटलेली असेल तर त्रिकोण विसरा.

आता प्रत्यक्ष मापं घेऊ. खिडकीचा गाळा २.४ मीटर, भिंत नऊ इंची (२३० मिमी), लिंटेलही २३० मिमी खोल. त्यातली कामाची खोली, म्हणजे वरच्या पृष्ठभागापासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंत, सुमारे १९० मिमी. ती मिळवून हिशेबाचा गाळा २.६ मीटर होतो. त्रिकोणाची उंची त्याच्या ०.८६६ पट, म्हणजे २.२५ मीटर. विटकामाचं वजन घनमीटरला २,००० किलो धरलं, तर त्रिकोण भरतो साधारण १,३५० किलो आणि लिंटेलचं स्वतःचं वजन ३४० किलो.

पण सव्वापट म्हणजे २.८ मीटर भिंत वर आहे कुठे? लिंटेलचा तळ २.१ मीटरवर आणि स्लॅबचा तळ ३ मीटरवर असेल, तर मध्ये उरते जेमतेम ६७ सेंटीमीटर. स्लॅब त्रिकोणाला मध्येच कापतो, म्हणून त्याचाही भार घ्यावा लागतो. खोली ३ मीटर रुंद असेल आणि स्लॅब समोरासमोरच्या दोन भिंतींवर टेकत असेल, तर निम्मा, म्हणजे १.५ मीटर पट्टा या भिंतीवर येतो. स्लॅब, फरशी आणि वापराचा भार मिळून चौरस मीटरला ६५० किलो धरा: गाळ्यावर झाले सुमारे २,५३५ किलो. मधली भिंत ८०० किलो. लिंटेल धरून बेरीज ३,६८० किलोच्या आसपास, त्रिकोणाच्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त.

एम-२० काँक्रीट आणि एफई-५०० सळई घेऊन या भाराला खाली सुमारे २५५ चौरस मिमी पोलाद लागतं. १२ मिमीच्या दोन सळया २२६ देतात, म्हणजे कमी पडतात, तीन टाका. वर १० मिमीच्या दोन आणि ८ मिमीच्या रिंगा १२५ मिमीवर. छज्जा लिंटेलमधूनच बाहेर काढणार असाल तर तो लिंटेलला पिळतो, त्याचं डिझाइन वेगळं करून घ्या. खोली, मजले किंवा स्लॅबची दिशा बदलली की हे आकडेही बदलतात. तुमच्या घराचे इंजिनिअरकडून काढून घ्या.

टेकण दोन्हीकडे ३०० मिमी द्या. सहा इंची टेकणावर विटा चिरडायची भीती असते आणि सळईलाही पकडीसाठी लांबी मिळत नाही. खालच्या तिन्ही सळया टेकणाच्या टोकापर्यंत गेल्या पाहिजेत.

काँक्रीट ओतण्याआधी वाकून सेंटरिंगच्या फळीकडे पाहा. सळईखाली २५ मिमीचे कव्हर ब्लॉक आहेत की जाळी फळीवरच टेकलीय, ते तिथेच दिसतं. टेकलेली सळई पुढे गंजते आणि तळाचं काँक्रीट फुगून सुटतं. तीन सळयांची बाजू खाली आहे ना, हेही बघा. जाळी उलटी बसली तर हिशेब वाया गेला.

टेकू १४ दिवस हलवू नका. वरचं विटकाम त्यानंतर चढलं तर टेकू तसेच ठेवा, कारण मसाला ओला असेपर्यंत कमान तयार होत नाही आणि सगळं वजन लिंटेलवरच असतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये गोणपाट दुपारीच वाळतं, तेव्हा दिवसातून तीन-चारदा पाणी मारा.

पुढे सरकती खिडकी मध्यभागी घासू लागली, तर लिंटेल वाकलाय का ते दोरी ताणून बघा. वरच्या कोपऱ्यांतून पायऱ्यांसारखी तिरपी भेग चढत असेल, तर तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. खुणेपुढे भेग सरकली, किंवा टेकणाखालच्या विटा उभ्या चिरल्या, तर आधी स्लॅबखाली टेकू लावा. गिलावा करून भेग झाकू नका.