दलिया करायचाय? आधी चाळणी काढा

चाळणी काढा. रव्याची नव्हे, पिठाची, बारीक जाळीची. दलिया, गूळ, तूप सगळं ओट्यावर मांडून गॅस पेटवला आणि चाळणी मात्र डब्याच्या मागे राहिली, म्हणून गेल्या खेपेस घरच्या पाहुण्यांना सांजा म्हणून खळ वाढावी लागली. त्यामुळे या यादीत चाळणी पहिली आहे आणि मध्येमध्ये पुन्हा येणार आहे.

दलिया म्हणजे गव्हाचा जाड भरडा. पाकिटातला घेतला तर त्यात पीठ कमी असतं, पण असतंच. पाकीट प्रवासात हलतं, दाणे एकमेकांवर घासतात आणि भुकटी तळाला बसते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून गहू आणून गल्लीतल्या गिरणीत भरडून घेत असाल तर विचारूच नका. गिरणीवाल्याच्या जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ अडकलेलं असतं, आणि जातं जरा आवळलेलं असलं की भरड्यात पीठ भरपूर येतं. चाळल्याशिवाय हे कळत नाही. मूठभर दलिया तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळा आणि खाली सोडून द्या. तळहात पांढरा राहिला तर चाळायचं. नाही राहिला तरी चाळायचंच.

एवढं का बोलतोय? ही भुकटी तीन ठिकाणी घात करते. कढईत दाणा अजून गव्हाळ असतानाच ती करपते, आणि करपल्याचा वास आला की आपल्याला वाटतं दलिया भाजला, म्हणून गॅस बंद होतो. दाणा आतून कच्चाच. पाण्यात पडली की ती आधी फुगते, पाणी दाट करते, आणि त्या दाट पाण्यात दाण्याला मोकळेपणाने शिजता येत नाही. तळ मात्र लागतो. कुकरमध्ये तिचाच फेस वर येऊन शिट्टीतून पिठाळ पाणी उडतं. धुऊन भागेल असं वाटत असेल तर तेही नाही. ओलं पीठ दाण्याला चिकटतं आणि भाजताना गुठळ्या होतात. चाळायचं म्हणजे कोरडंच चाळायचं. खाली पडलेलं पीठ टाकू नका, थालीपिठात जातं.

आता भाजणं. जाड बुडाची कढई, मध्यमहून जरा मंद आच. एका वाटीला एक चमचा तूप गोडाला, तिखटाला तेल चालेल, कोरडं भाजलं तरी चालतं. सहा ते आठ मिनिटं, आणि उलथनं थांबवायचं नाही. रंगाकडे बघत बसू नका, गव्हाचा रंग मुळातच तांबूस, फसवतो. वास आणि हात बघा. सुरुवातीला उलथनं जड चालतं, भाजत आलं की दाणे हलके होऊन सरसर घसरतात आणि भाजल्या चपातीसारखा खमंग वास येतो. तिथे लगेच ताटात काढा. तापलेल्या कढईत ठेवला तर गॅस बंद करूनही भाजत राहतो. भाजायचं कशासाठी? चव येते हे खरंच, पण दाण्याचा वरचा थरही सुकून घट्ट होतो, म्हणून शिजल्यावर दाणा दाण्याला धरत नाही. अर्थात हे चाळलेल्या दलियाबद्दल. न चाळलेला कितीही भाजा, लगदाच.

पाणी. दलिया ज्या वाटीने मोजला त्याच वाटीने, आणि उकळतं. थंड पाणी ओतलं की कढईचा ताव जातो आणि दाणा शिजायच्या आधी नुसताच भिजत बसतो. मोकळ्या तिखट सांज्याला एका वाटीला दोन ते अडीच वाट्या. मऊ खिचडीसारखा हवा असेल तर तीन ते साडेतीन. दूध घालून खायच्या पातळ लापशीला चार वाट्या पाणी, वर लागेल तसं दूध. जाड दलिया आणि खपली गव्हाचा दलिया अर्धी वाटी पाणी आणि पाच-दहा मिनिटं जास्त मागतो.

एक वाटी मध्यम दलियाचा सांजा तिघांना पुरतो, तो असा. दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, एक मोठा कांदा गुलाबी होईपर्यंत. गाजर आणि मटार मूठमूठभर. आपली कांदा-लसूण चटणी एक चमचा, पण ती तेलात फार वेळ ठेवू नका, अर्ध्या मिनिटात काळी पडते. लगेच भाजलेला (आणि चाळलेला) दलिया, मीठ, शेजारच्या गॅसवर उकळत ठेवलेल्या पाण्यातलं अडीच वाट्या. एक उकळी मोठ्या आचेवर, मग मंद करून झाकण. पंधरा ते वीस मिनिटं. मध्ये एकदाच हलवा. सारखं ढवळलं तर दाणे मोडतात आणि चाळून बाहेर काढलेलं पीठ तुम्ही पातेल्यात नव्याने तयार करता. पंधराव्या मिनिटाला एक दाणा अंगठा आणि बोटात चिरडून बघा. मधे पांढरा ठिपका दिसला तर अर्धी वाटी गरम पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं. ठिपका नाही, तर गॅस बंद, आणि झाकण न उघडता दहा मिनिटं ठेवून द्या. उरलेली ओल या दहा मिनिटांत दाण्यात मुरते. घाईने उघडला तर वर कोरडा, खाली गिच्च. लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं मग.

कुकरमध्ये करायचा तर पाणी दोन वाट्या, मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, वाफ आपली आपण जाऊ द्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल घाला म्हणजे फेस दबतो. चाळलं नसेल तर तेलानेही दबत नाही.

गोड लापशी. एक वाटी दलिया, तीन वाट्या पाणी, कुकरला तीन-चार शिट्ट्या. उघडल्यावर पुन्हा तोच दाणा चिरडून बघायचा, आणि तो लोण्यासारखा मऊ झाल्याशिवाय गुळाला हात लावायचा नाही. गूळ पाणी स्वतःकडे धरून ठेवतो, तो पडला की दाणा आहे तिथेच थांबतो, मग तासभर उकळा, कचकचच लागणार. पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलदोडा, जायफळ, तूप, पाच मिनिटं मंद. दूध घालायचं तर गॅस बंद करून, लापशी कोमट झाल्यावर, आणि उकळून निवलेलं. गरम गुळात दूध फाटतं, आपल्याकडचा अस्सल गूळ असला तरी फाटतं.

साठवण: पावसाळ्यात थोडाच आणा. भरडल्यावर गव्हातला तेलकट अंश उघडा पडतो आणि खवट वास धरतो. जास्त आणला असेल तर कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट डब्यात, जमल्यास फ्रिजमध्ये. करताना परत थोडा गरम करून घ्या. मीठ, पाणी, झाकण तुम्हाला माहीत आहे. डब्यात भरायच्या आधी चाळायचं.