डायबेटिसच्या पेशंटची सोप नोट: माझी चूक झाली ती 'एस'मध्ये

ओपीडीत नवीन लागलेल्या इंटर्न आणि फर्स्ट इयरवाल्यांसाठी लिहितेय. एस, ओ, ए, पी म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, ते परत सांगत नाही. मी नागपुरात मेडिसिन ओपीडीत लागले तेव्हा मलाही माहिती होतं, व्हायवात धडाधड सांगितलं होतं, आणि तरी एका मावशींची नोट अशी लिहिली की त्या अकरा दिवसांनी कॅज्युअल्टीत आल्या.

सोमवारची ओपीडी होती, बाहेर काटोल, उमरेड, रामटेककडून पहाटेच्या एसटीने आलेले लोक, टेबलावर केसपेपरचा गठ्ठा. मावशी ५८ वर्षांच्या, संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी. फास्टिंग १९२, पीपी २७४, एचबीए१सी ९.२. मी विचारलं, "मावशी, गोळ्या घेता ना बरोबर?" त्या म्हणाल्या, "हो ना बाई, घेतो ना." मी लिहिलं:

एस: नो फ्रेश कम्प्लेंट्स.
ओ: बीपी १३४/८२, फास्टिंग १९२, पीपी २७४, एचबीए१सी ९.२.
ए: टाइप टू डायबेटिस, अनकंट्रोल्ड.
पी: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, बाकी सीएसटी. डाएट सांगितलं.

पेपरवर बघाल तर चूक दिसत नाही. सिनिअरनेही सही केली. आणि जाताना मी मावशींना दटावलं, की एवढी शुगर, किडनी जाईल, आता एकही गोळी चुकवायची नाही.

अकराव्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी त्यांना घेऊन कॅज्युअल्टीत आली, अंग घामाने ओलं, विचारलं तर भलतंच बोलत होत्या, ग्लुकोमीटरवर ४६. २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिल्यावर शुद्धीवर आल्या, पण दोन तासांनी परत ६१. हे लक्षात ठेवा, ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, एकदा शुगर वर आली म्हणून घरी पाठवायचं नाही, ॲडमिट करून रात्रभर बघायचं.

मुलीने पिशवीतून स्ट्रिप काढल्या तेव्हा मला कळलं. माझ्या ओपीडीच्या पस्तीस दिवस आधी दिलेली १ मिलिग्रॅमची तीस गोळ्यांची खेप, त्यात एकोणीस शिल्लक. म्हणजे त्या पस्तीस दिवसांत फक्त अकरा घेतल्या होत्या. मेटफॉर्मिन जवळपास पूर्ण संपलेली, ग्लिमेपिराइडच राहिलेली. मावशी बऱ्या झाल्यावर म्हणाल्या, "ते बारीक गोळी घेतली का बागेत घाबरंघाबरं होते, हातपाय कापतात, म्हून कामाच्या दिशी नाही घेत. तुमी रागावल्या तं मंग रोज घेतली."

सकाळी सहाला न जेवता बागेत, जेवण थेट दुपारी, त्यात गोळी. त्या गोळीने त्यांची शुगर आधीपासूनच खाली जात होती, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या अकलेने सोडली होती, म्हणून तपासणीत शुगर वाढलेली. आणि मी तीच गोळी डबल केली.

म्हणून हा एक मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगणार. 'अनकंट्रोल्ड' हे असेसमेंट नाही, तो आकडा आहे जो 'ओ'मध्ये आधीच लिहिलाय. असेसमेंट म्हणजे का वाढली ते. डोस कमी पडतोय, का गोळी पोटात जातच नाहीये, का इन्फेक्शन आहे, का कोणी गुडघ्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय. पहिल्या कारणात डोस वाढतो, दुसऱ्यात वाढवला तर पेशंट माझ्या मावशींसारखा येतो. आणि हे 'का' फक्त 'एस'मधून मिळतं, लॅबमधून नाही.

"घेता ना?" असं विचारायचंच नाही. समोर एप्रन घातलेलं माणूस बसलंय, पेशंट हो म्हणणारच. मी आता विचारते, "मागच्या आठ दिवसांत किती वेळा राहिली? कोणती राहते?" आणि मग, "काहून राहते?" स्ट्रिपा दाखवा म्हणते, मोजते, खेप कधी दिली ते केसपेपरवर असतंच. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असेल तर हायपो हा शब्द वापरू नका, "घाम, कापरं, घाबरंघाबरं, एकदम भूक असं होते का, कधी होते, त्या दिवशी जेवण कधी झालं?" असं विचारा. घड्याळ लावून बघितलंय मी, दीड मिनिट लागतं. लाइन कितीही मोठी असली तरी हे दीड मिनिट काढायचं, बाकी कुठेही वाचवा.

सिनिअरचे जुने पेपर बघून 'सीएसटी' उतरवायची सवय मला आवडत नाही, स्पष्ट सांगते. दर महिन्याला वेगळा रेसिडेंट बघतो, चार महिने सगळ्यांनी सीएसटी लिहिलं की ती औषधं का चालू आहेत हे कोणालाच माहिती नसतं. मला खरं शिकवलं ते औषधवाटपाच्या खिडकीवरच्या सिस्टरने, तिला माहिती होतं कोण महिनाभराची खेप न्यायला दोन महिन्यांनी येतं. तिला विचारत जा.

डिस्चार्जनंतर परत लिहिलेली नोट अशी होती:

एस: कामाच्या दिवशी सकाळी उपाशी, ग्लिमेपिराइड घेतल्यावर दोन-तीन तासांत घाम आणि कापरं, म्हणून ३५ दिवसांत ११ गोळ्याच घेतल्या. मेटफॉर्मिन नियमित. नंतर डोस वाढवून रोज घेतल्यावर शुगर ४६, ॲडमिशन.
ओ: वजन ५४, बीपी १३०/८०, आज फास्टिंग १६८, क्रिएटिनिन ०.९, चप्पल काढून पाय बघितले, जखम नाही, मोनोफिलामेंटचा स्पर्श दोन्हीकडे कळतो.
ए: टाइप टू डायबेटिस. शुगर वाढलेली, कारण हायपोच्या भीतीने गोळी सोडली. ग्लिमेपिराइड या दिनक्रमाला धोक्याची.
पी: ग्लिमेपिराइड बंद, परत सुरू करू नये. मेटफॉर्मिन हळूहळू १००० दोनदा, जेवणासोबत. टेनेलिग्लिप्टिन २० रोज एकदा. कापरं आलं तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी बरं नाही तर परत, मग जेवण. दोन आठवड्यांनी फास्टिंग-पीपी, एचबीए१सी तीन महिन्यांनी.

औषधं युनिटच्या सरांनी ठरवली, तुम्ही एकट्याने ठरवू नका. पण "परत सुरू करू नये" ही ओळ माझी, कारण पुढचा रेसिडेंट शुगर बघून तीच गोळी लिहील.

आपल्या विदर्भात आणखी एक. सिकलसेलचा पेशंट असेल तर एचबीए१सीवर विसंबू नका, लाल पेशी लवकर मरतात म्हणून आकडा खोटा कमी येतो. ग्लुकोमीटर २५० दाखवतोय आणि एचबीए१सी ५.८, तर 'ए'मध्ये ते जुळत नाही असं लिहा आणि फास्टिंग-पीपीवरच चाला.

आणि एवढं सगळं वाचून घाबरू नका. प्रत्येक पेपरवर इतकं लिहावं लागत नाही. गोळ्या पूर्ण, शुगर ठीक, पाय ठीक असेल तर चार ओळी पुरतात, फक्त 'गोळ्या मोजल्या, शून्य राहिल्या' ही एक ओळ त्यात हवी. मावशी पुढच्या वेळी आल्या तेव्हा फास्टिंग १३८ होती, दुसऱ्याच रेसिडेंटने बघितलं, आणि त्याच्या पेपरवर पहिली ओळ होती: स्ट्रिपा बघितल्या, कामाच्या दिवशी पण घेते, कापरं नाही.