ओळीची बेरीज शेजारी लिहा

मॅट्रिक्स सोडवताना प्रत्येक ओळीपुढे उभी रेघ मारून तिची बेरीज लिहा आणि ओळीवरची क्रिया त्या बेरजेवरही करा. समजा R1 = (2, 3, 1), बेरीज 6; R2 = (5, −1, 4), बेरीज 8. R2 → 2R2 − 5R1 केल्यावर नवी ओळ (0, −17, 3) येते. तिची बेरीज −14, आणि 2×8 − 5×6 सुद्धा −14. चिन्ह चुकून −17 ऐवजी 13 लिहिलं, तर बेरीज 16 येईल; चूक त्याच ओळीत सापडेल.

निश्चयकात मात्र एक चूक इथे निसटते. 2R2 घेतल्याने निश्चयक दुप्पट होतो, तरी बेरीज जुळतेच. म्हणून समासात ‘÷2’ लगेच लिहा. ओळींची अदलाबदल केली, तर तिथेच ‘−’ लिहा.