वजन कमी केलं तरी खांबाला भेग का पडली? आयताकृती खांबाचा कर्न स्वतः काढून बघा

इंदूरला रामबागेकडे आमच्या एका मावशीचं जुनं घर आहे, ओटीवर विटांचे जाड खांब, खाली गॅलरीचा लोखंडी गर्डर टेकलेला आणि त्याच खांबावर वरच्या मजल्याचा छोटा खांब न त्यावर जड फरशीचं छप्पर. मागे काकांनी ते छप्पर काढून पत्रे टाकले, वरचा विटांचा खांबही पाडला, सगळ्यांना वाटलं चला खालचा भार हलका झाला. आणि थोड्याच दिवसांत खालच्या खांबाला बाहेरच्या अंगाला, गर्डर जिथे टेकलाय त्याच्या बरोब्बर उलट बाजूला, आडवी भेग. मिस्त्री म्हणाला पाया बसला. मी म्हटलं थांबा जरा, आधी टेप आणा.

तर हिशोब कसा करायचा ते सांगतो, आकडे सोपे व्हावे म्हणून गोल धरलेत.

आधी मोजा. खांब वरून बघितला तर ६० सेंमी गुणिले ४५ सेंमी. गर्डर आतल्या बाजूने येऊन ६० च्या दिशेत २० सेंमी आत टेकलाय, आणि ४५ च्या दिशेत बरोब्बर मधे. गर्डरवरून येणारं वजन २७०० किलो धरू. टेकलेल्या २० सेंमीच्या मधोमध ते उतरतं असं मानलं तर ते आतल्या कडेपासून १० सेंमीवर आलं, खांबाचा मध्य कडेपासून ३० वर, म्हणजे वजन मध्यापासून २० सेंमी सरकलेलं आहे. हे २० म्हणजेच e, एक्सेंट्रिसिटी. (खरं तर गर्डर वाकला की त्याचं टोक मागून किंचित उचलतं आणि वजन कडेकडे अजून सरकतं, म्हणून मधोमध धरणं ही आपली दिलदारी आहे.)

मग कर्न काढा. खांबाच्या मध्याभोवतीची अशी जागा, की तिच्या आत कुठेही वजन आलं तर खांबाच्या कुठल्याच कोपऱ्याला ओढ बसत नाही, सगळीकडे दाबच राहतो, तिला कर्न म्हणतात. आयताकृती खांबात एका दिशेत मध्यापासून रुंदीचा सहावा भाग इकडे, सहावा तिकडे, मिळून मधला तिसरा हिस्सा. आपल्याकडे ६० चा सहावा १० आणि ४५ चा सहावा साडेसात. हे चार बिंदू खांबाच्या तोंडावर खडूने काढा आणि सरळ रेघांनी जोडा, पत्त्यातली चौकट तयार होते. बरेच लोक इथे चुकतात, त्यांना वाटतं मधला तिसरा हिस्सा म्हणजे मधला छोटा आयत. तसं नाहीये. वजन एकीकडे ६ आणि दुसरीकडे ४ सेंमी सरकलं असेल तर दोन्ही आकडे आपापल्या हद्दीत दिसतात, पण ६ ला १० ने भागा, ४ ला साडेसातने भागा, बेरीज १ च्या वर जाते, म्हणजे बिंदू चौकटीच्या बाहेर आणि एक कोपरा सुटला.

आता दाब काढा. वजन कर्नच्या आत असेल तर हे सूत्र, q म्हणजे दाब, P म्हणजे वजन, A म्हणजे खांबाचं क्षेत्रफळ आणि b म्हणजे वजन ज्या दिशेत सरकलंय त्या दिशेची रुंदी:

```
q = (P / A) × (1 ± 6e / b)
```

आमच्या खांबाचं क्षेत्रफळ २७०० चौरस सेंमी, म्हणून गर्डरच्या वजनाचा सरासरी दाब १ किलो प्रति चौरस सेंमी. ५ सेंमी सरकलं असतं तर आतल्या कडेला १.५ आणि बाहेर ०.५. १० सरकलं तर आत २ आणि बाहेर शून्य. २० टाकलं तर सूत्र सांगतं आत ३, बाहेर उणे १, आणि इथेच सूत्र सोडून द्यायचं, कारण उणे म्हणजे ओढ आणि विटांचा जोड ओढ धरत नाही (थोडी धरतो, पण त्याच्यावर घर उभं ठेवू नये). जोड उघडतो आणि उरलेल्या भागावरच सगळं वजन येतं.

उरलेला भाग किती? दाबाचा त्रिकोण होतो, आणि वजन त्या त्रिकोणाच्या तिसऱ्या हिश्श्यावरच यायला पाहिजे, तर वजन कडेपासून जितक्या अंतरावर त्याच्या तिप्पट लांबी दाबाखाली. आमचं अंतर १०, म्हणून ३० सेंमी दाबाखाली आणि बाकीचे ३० मोकळे. कडेचा दाब, d म्हणजे दुसऱ्या दिशेची रुंदी, आपले ४५:

```
q_max = 2P / (3 × d × (b/2 - e))
      = 2 × 2700 / (3 × 45 × 10) = 4
```

सूत्र ३ म्हणत होतं, खरा ४ निघाला. वजन अजून ५ सेंमी कडेला गेलं तर हा आकडा ८ होतो, सूत्र मात्र साडेतीनच सांगत बसतं.

आता छप्पर काढायच्या आधीचा हिशोब. वरच्या खांबाचं न छपराचं वजनही समजा २७०० किलो, पण ते बरोब्बर मधोमध. एकूण ५४०० झालं, आणि दोघांचं मिळून वजन कुठे पडतं? अर्धं मध्यावर, अर्धं २० वर, म्हणजे १० सेंमीवर, नेमकं कर्नच्या काठावर! सरासरी दाब २, आतल्या कडेला ४, बाहेर शून्य. आता बघा, वजन अर्धं केलं तरी आतल्या कडेचा दाब ४ चा ४ च राहिला, फक्त बाहेरची अर्धी बाजू उघडी पडली. वरचं ते ओझं खांबाला त्रास देत नव्हतं, मधोमध बसून गर्डरच्या वजनाला धरून होतं. काकांना हे पटवायला दोन चहा लागले.

खांबाचं स्वतःचं वजनही मधोमध असतं, म्हणून जसं खाली जाल तसं थोडं सुधारतं. २ मीटर ७० सेंमी उंच खांब साधारण १४०० किलो, पायथ्याशी e येतो १३ सेंमीच्या आसपास. तरी १० च्या बाहेरच, पण वरच्यापेक्षा बरा. म्हणून अशी भेग वर गर्डरजवळ जास्त उघडी आणि खाली बारीक होत जाते. ओळखायला हीच खूण, वरच्या एखाद्या आडव्या दरजेत जुनं ब्लेड सरकवून बघा, बाहेरच्या बाजूने आत जातं का आणि किती जातं. आतल्या कडेला गिलावा फुगलाय किंवा विटेचे टवके उडालेत का तेही बघा. पाया बसला असता तर भेग बहुतेक तिरकी आणि भिंतीत दिसली असती. ओळंबाही सोडा, खांब ३ सेंमी कलला असेल तर पायथ्याला जवळपास तेवढा e अजून जमा होतो किंवा वजा होतो, कुठल्या बाजूला कललाय त्यावर.

दुरुस्ती. सगळ्यात आधी गर्डरला टेकू, बाकी गप्पा नंतर. आम्ही आतल्या बाजूने २० सेंमी खांब वाढवायचं ठरवलं. नवी रुंदी ८०, नवा मध्य बाहेरच्या कडेपासून ४०, गर्डरचं वजन जुन्याच जागी, त्याच बाहेरच्या कडेपासून ५० वर, म्हणजे e १० झाला आणि ८० चा सहावा १३.३, बिंदू आत आला. कडेचा दाब साधारण १.३, बाहेर ०.२ च्या जवळ, सगळीकडे दाबच. पण हे तेव्हाच खरं जेव्हा नवं बांधकाम जुन्यात दात काढून गुंतवलेलं असेल आणि वर गर्डरखाली दोन्हींवर मिळून एक काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असेल. नुसतं बाजूला चिकटवलं तर जुनं जुन्यासारखंच दबत राहतं. आणि माळव्यातली काळी माती, नव्या वाढीचा पाया जुन्याच्या खोलीपर्यंत न्या, नाहीतर पावसाळ्यानंतर नवा भाग एकटाच खाली बसेल आणि जुन्यालाही स्वतःकडे ओढेल.