गतिज कुठली, स्थितिज कुठली? कार्य-ऊर्जेच्या गणितांत या चुका टाळा

कार्य, शक्ती आणि ऊर्जेच्या गणितांत आकडेमोड फारशी चुकत नाही. गुणाकार बरोबर असतो, सूत्रं तोंडपाठ असतात. चूक त्याच्या आधीच झालेली असते. समोरच्या वस्तूकडे कोणती ऊर्जा आहे आणि ती तिला कुणी दिली, हे न ठरवताच पेन चालू लागतं. मी बऱ्याच वर्षांपासून या धड्याच्या वह्या तपासते आहे आणि दरवर्षी त्याच दोन चुका सगळ्यात जास्त गुण खातात. म्हणून त्या दोघींवर सविस्तर लिहिते, बाकीच्या थोडक्यात. सगळीकडे g ची किंमत १० धरली आहे, म्हणजे लक्ष आकड्यांवर न जाता विचारावर राहील.

"हलतंय ते गतिज, थांबलंय ते स्थितिज"

हे वाक्य कुणीतरी सोपं करून सांगायच्या नादात सांगतं आणि मुलं ते घट्ट धरून बसतात. माझ्या मते या धड्यातलं सर्वाधिक नुकसान याच एका वाक्याने केलं आहे. या वाक्यानुसार वस्तूकडे एका वेळी एकच ऊर्जा असू शकते, आणि तसं मुळीच नाही.

गतिज ऊर्जा वेगावर ठरते. स्थितिज ऊर्जा वस्तू कुठे आहे, किंवा ती किती ताणली-दाबली गेली आहे, यावर ठरते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही. छताचा पंखा घ्या. तो बंद असताना जमिनीच्या सापेक्ष त्याची जेवढी स्थितिज ऊर्जा असते, तेवढीच तो गरगर फिरताना असते, कारण त्याची उंची बदललेली नाही. बटण दाबल्यावर वाढते ती फक्त पात्यांची गतिज ऊर्जा. आकाशातल्या विमानाकडे दोन्ही भरपूर असतात. जमिनीवर पडून राहिलेल्या चेंडूकडे, जमीन हीच शून्य पातळी धरली तर, दोन्ही नसतात. आणि ताणून धरलेलं रबर ना हलतं ना उंचावर असतं, तरी त्यात स्थितिज ऊर्जा साठलेली असते.

हे वाक्य डोक्यात असलं की काय होतं ते एका लिफ्टच्या गणिताने मला अगदी स्पष्ट दाखवलं. गणित साधं होतं. माणसांसकट ८०० किलो वस्तुमानाची लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद या एकसमान वेगाने १५ मीटर वर जाते. १५ मीटरवर तिची गतिज आणि स्थितिज ऊर्जा काढा.

वर्गातल्या एका हुशार मुलाने खालची गतिज ऊर्जा काढली: ½ × ८०० × २² = १६०० ज्यूल. मग वरची स्थितिज ऊर्जा: ८०० × १० × १५ = १,२०,००० ज्यूल. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे त्याने लिहिलं, "वर जाताना गतिज ऊर्जेचं रूपांतर स्थितिज ऊर्जेत होतं", आणि १६०० मधून १,२०,००० वजा केले. वरची गतिज ऊर्जा आली उणे १,१८,४०० ज्यूल. त्याने उणे चिन्ह खोडलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

ते खोडलेलं चिन्ह मला फार लागलं, कारण ते चिन्हच त्याला मदत करत होतं. गतिज ऊर्जा कधीच उणे येऊ शकत नाही. वस्तुमान धन, वेगाचा वर्ग धन, मग उणे येणार कुठून? उणे आलं की समजायचं, मांडणीत कुठेतरी खोटं आहे. चिन्ह खोडून काढलेल्या उत्तरातून वेग काढून पाहिला असता तर तो सुमारे १७ मीटर प्रति सेकंद आला असता. गणितात तर वेग एकसमान २ असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं.

खरं उत्तर असं की वेग बदलला नाही, म्हणून गतिज ऊर्जा वरही १६०० ज्यूलच. स्थितिज मात्र १,२०,००० ज्यूलनी वाढली. ही वाढ गतिज ऊर्जेतून आली नाही, दोराने लिफ्ट वर ओढताना केलेल्या कार्यातून आली. रूपांतराचं ते पाठ केलेलं वाक्य वर फेकलेल्या चेंडूला लागू पडतं, कारण हातातून सुटल्यावर त्याला कुणी ओढत नाही. लिफ्टला कुणीतरी सतत ओढतंय. गतिज आणि स्थितिज यांची बेरीज कायम राहते ती फक्त गुरुत्वाकर्षणासारखंच बल कार्य करत असेल तेव्हा. दोर, मोटार, हात, घर्षण यांपैकी कुणी मध्ये आलं की ती बेरीज बदलते.

याच गणितात शक्तीही विचारतात. १५ मीटरला ७.५ सेकंद लागतात, म्हणून दोराची शक्ती १,२०,००० ÷ ७.५ = १६,००० वॅट. प्रत्यक्षातल्या मोटारीवर एवढा भार येत नाही, कारण लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला समतोल राखणारं वजन लटकवलेलं असतं आणि ते खाली येताना बराचसा भार उचलतं. गणितात त्याचा उल्लेख नसेल तर ते धरायचं नाही.

माझी सवय सांगते. सूत्र लिहिण्याआधी मी प्रत्येक स्थानासाठी दोन रकाने आखते. एकात "किती उंच?", दुसऱ्यात "किती वेगात?". दोन्ही भरल्याशिवाय पुढे जात नाही. मग खाली एक ओळ: "मध्ये कुणी ओढतंय, ढकलतंय की घासतंय?" मुलांना हे वेळखाऊ वाटतं. पण अर्ध्या मिनिटाचा हा कंटाळा ज्यांना सोसवत नाही, तेच पुढे दहा मिनिटं खाडाखोड करताना दिसतात.

गुरुत्वाकर्षणाला दोनदा मोजणं

ही चूक जरा पुढे गेलेली मुलं करतात. एक मूल घसरगुंडीवरून खाली येतं. वस्तुमान २० किलो, घसरगुंडीची उंची २.५ मीटर, तिरप्या पृष्ठभागाची लांबी ४ मीटर. वरून सुरुवात शून्य वेगाने, तळाशी वेग ५ मीटर प्रति सेकंद. घर्षणबल किती?

वह्यांत दिसणारी मांडणी अशी: वरची स्थितिज ऊर्जा ५०० ज्यूल, "शिवाय" गुरुत्वाकर्षणाने केलेलं कार्य ५०० ज्यूल, एकूण १००० ज्यूल. तळाशी गतिज ऊर्जा ½ × २० × ५² = २५० ज्यूल. म्हणून घर्षणाने ७५० ज्यूल खाल्ले.

ते "शिवाय" चुकीचं आहे. स्थितिज ऊर्जा म्हणजे गुरुत्वाकर्षण जे कार्य करू शकतं त्याचीच आगाऊ केलेली नोंद. मूल खाली येताना स्थितिज ऊर्जा ५०० ज्यूलनी घटली आणि गुरुत्वाकर्षणाने ५०० ज्यूल कार्य केलं, या दोन वेगळ्या घटना नाहीत. ज्या पैशांची नोंद बचत खात्यात आहे तेच पैसे काढून हातात घेतले, म्हणून ते दुप्पट होत नाहीत.

म्हणून सुरुवातीलाच एक वाट निवडा. पहिली वाट: सगळ्या बलांचं कार्य, गुरुत्वाकर्षणाचं धरून, मिळवा. ते गतिज ऊर्जेतल्या बदलाएवढं असतं. या वाटेवर स्थितिज ऊर्जा हा शब्दच येत नाही. दुसरी वाट: गतिज आणि स्थितिज यांची बेरीज घ्या आणि फक्त इतर बलांचं कार्य मोजा. या वाटेवर गुरुत्वाकर्षणाचं कार्य वेगळं लिहायचं नाही. मी स्वतः घर्षण असेल तिथे दुसरी वाट धरते, कारण सुरुवातीचे ज्यूल किती आणि शेवटी उरले किती हे त्यात लगेच दिसतं.

इथे सुरुवातीला ५००, शेवटी २५०. फरक २५० ज्यूल घर्षणामुळे उष्णतेत गेला. घर्षण ४ मीटरभर लागलं, म्हणून घर्षणबल २५० ÷ ४ = ६२.५ न्यूटन. पहिल्या वाटेने पडताळा घ्या: गुरुत्वाकर्षणाचं कार्य अधिक ५००, घर्षणाचं उणे २५०, बेरीज २५०, आणि गतिज ऊर्जा शून्यावरून २५० वर गेली. जुळलं.

दोनदा मोजणी झाली आहे का हे ओळखायची एक खूण आहे. घर्षण नाहीच असं समजून तळाचा वेग काढा. २.५ मीटरवरून तो सुमारे ७.१ मीटर प्रति सेकंद येतो. तुमच्या मांडणीतून १० आला, तर गुरुत्वाकर्षण दोनदा घुसलं आहे.

याच गणितात उंचीच्या जागी ४ मीटर घालणारेही असतात. mgh मधली उंची नेहमी उभी मोजायची. घर्षणाचं कार्य मात्र तिरप्या लांबीवरून काढायचं.

बाकीच्या, थोडक्यात

अर्ध्या उंचीवर वेग अर्धा होतो असं समजू नका. २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू, हवेचा विरोध सोडला तर, २० मीटर चढतो. १० मीटरवर त्याची गतिज ऊर्जा निम्मी होते, पण वेग सुमारे १४ असतो. वेग निम्मा, म्हणजे १०, होतो तो १५ मीटरवर, कारण तेव्हा गतिज ऊर्जा पाव उरलेली असते.

शून्य पातळी कुठे धरली ते लिहा. टेबलावरच्या पुस्तकाची स्थितिज ऊर्जा टेबलाच्या सापेक्ष शून्य आहे, जमिनीच्या सापेक्ष नाही. दोन्ही बरोबर, पण एकाच गणितात मध्येच पातळी बदलली तर उत्तर गेलं.

जास्त शक्ती म्हणजे जास्त कार्य नाही. तोच जिना धावत चढला तर शक्ती जास्त लागते, पण गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं कार्य तेवढंच.

किलोवॅट-तास हे ऊर्जेचं एकक आहे, शक्तीचं नाही. १ किलोवॅट-तास म्हणजे ३६,००,००० ज्यूल.

वेग किलोमीटर प्रति तासात दिला असेल तर आधी ३.६ ने भागा. हे विसरलं तर वर्गामुळे गतिज ऊर्जा जवळजवळ १३ पट येते. तुमचं उत्तर अपेक्षित उत्तराच्या १३ पट दिसलं, तर बाकी काही तपासत बसू नका, थेट वेगाचं एकक बघा.